राखीव साप्ताहिक वेळ थांबवताना क्लायंटला लिहायचे पत्र आणि शेवटचे सत्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्याने काम सुरू केलेल्या समुपदेशकांकडून आणि कधी कधी असे पत्र हाती पडलेल्या क्लायंटकडूनही मला जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. क्लायंट वारंवार सत्रे रद्द करत असल्यामुळे तिची किंवा त्याची दर आठवड्याची ठरलेली वेळ समुपदेशकाला मोकळी करावी लागते, या एकाच प्रसंगापुरते हे लेखन मर्यादित आहे. उद्दिष्ट पूर्ण झाल्यामुळे दोघांच्या संमतीने होणारा समारोप तुलनेने सोपा असतो. अवघड जाते ते हेच पत्र, आणि घाईत लिहिले जाते तेही बहुधा हेच.

या पत्राने नेमके काय थांबते?

राखीव वेळ थांबते. थेरपी थांबते की नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो पत्रातून सुटू नये. ‘तुमची बुधवारची सहाची वेळ यापुढे राखून ठेवता येणार नाही’ आणि ‘आपले काम संपले’ या दोन वाक्यांत जे अंतर आहे, ते पत्र लिहिणाऱ्याच्या मनात स्पष्ट नसेल तर वाचणाऱ्याला दुसरेच वाक्य ऐकू येते. म्हणून पत्राने वेळेचा निर्णय स्पष्ट सांगावा, शेवटच्या सत्राची तारीख द्यावी, आणि पुढे काय करायचे, दुसऱ्या वेळेला यायचे का, दुसऱ्या समुपदेशकाकडे जायचे का, की येथे थांबायचे, हे सारे त्या सत्रासाठी राखून ठेवावे.

एका वेळेचे एवढे महत्त्व कशासाठी?

ठरलेला तास ही या कामाची जुनी चौकट आहे. फ्रॉइडने 1913 साली उपचारांच्या सुरुवातीविषयी लिहिताना सांगितले होते की तो प्रत्येक रुग्णाला दिवसातील एक ठरावीक तास देतो, तो तास त्या रुग्णाचा असतो आणि त्याने तो वापरला नाही तरी त्याची जबाबदारी त्याच्यावरच राहते. आज सगळे इतके कडक वागत नाहीत, तरीही त्या मांडणीतला गाभा टिकून आहे. क्लायंट आठवडाभर कितीही विस्कळीत असो, एक तास आपल्या नावाचा आहे आणि समोरचे माणूस तेव्हा तेथे असणार आहे, हे तिला ठाऊक असते. ती आली नाही, तरी ती जागा तिचीच असते. म्हणूनच जी व्यक्ती दहापैकी सहा वेळा येत नाही, तिलाही ही वेळ गेल्याचे दुःख होते. ‘तसेही येत नव्हत्या, मग एवढे वाईट का वाटले?’ असे एखादा नवा समुपदेशक विचारतो, तेव्हा मी हेच सांगते की न येण्याची मुभा असलेली हक्काची जागा ही त्या व्यक्तीला बहुधा दुसरीकडे कोठेच मिळालेली नसते.

आधी तोंडी सांगावे की थेट पत्र पाठवावे?

आधी तोंडी आणि शक्यतो सत्रातच, तेही सत्राच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे उरलेला वेळ त्यावर बोलायला मिळतो. शेवटच्या पाच मिनिटांत ही गोष्ट सांगणे म्हणजे क्लायंटला ती एकटीने घरी न्यायला लावणे होय. बोलणे झाल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पत्र जावे, कारण अस्वस्थ करणारे बोलणे ऐकताना माणसाच्या लक्षात तारखा राहत नाहीत. थेट पत्राची वेळ फक्त तेव्हाच येते, जेव्हा क्लायंट सलग येतच नाही आणि समोरासमोर बोलण्याची संधी उरत नाही.

किती आठवडे आधी कळवावे?

सर्वांना लागू पडेल असा आकडा नाही. पहिल्या सत्राच्या वेळी केलेल्या लेखी करारात मुदत दिली असेल तर तीच पाळावी. नसेल, तर वर्षाहून अधिक चाललेल्या कामात मी किमान तीन सत्रांची मुदत देते, म्हणजे एक बातमी पचवायला, एक राग किंवा गप्पपणा यायला आणि एक निरोपाला. सहा-सात सत्रांच्याच ओळखीत दोन पुरतात. मुदत ठरवताना कॅलेंडरही पाहावे. समुपदेशकाची रजा सुरू होण्याआधीचा आठवडा आणि क्लायंटच्या आयुष्यातील एखाद्या मृत्यूच्या वर्षदिनाचा आठवडा शेवटच्या सत्रासाठी निवडू नये.

प्रत्यक्ष पत्र कसे असावे?

एक रचलेले उदाहरण घेऊ. क्लायंट चौतिशीतील स्त्री आहे. वडिलांच्या निधनानंतर झोप उडाली आणि घबराटीचे झटके येऊ लागले, म्हणून त्या पंधरा महिन्यांपूर्वी आल्या. दर बुधवारी सायंकाळी 6 ते 6.50 ही त्यांची वेळ आहे. झटके सहा महिन्यांपूर्वी थांबले, झोपही बरीच सुधारली. मात्र 27 मार्च ते 29 मे या दहा बुधवारांपैकी त्या चारदा आल्या, पाचदा त्यांनी त्याच दिवशी सत्र रद्द केले आणि एकदा काहीच कळवले नाही. समुपदेशकाने एप्रिलमध्ये एकदा याविषयी विचारले होते, तेव्हा कामाचा ताण असल्याचे उत्तर मिळाले. 29 मे रोजी त्या आल्या, तेव्हा सुरुवातीलाच हा निर्णय सांगितला गेला आणि त्याच रात्री पुढील पत्र गेले.

‘नमस्कार. आज आपले जे बोलणे झाले, ते तुमच्या हाती लेखी असावे म्हणून हे लिहीत आहे. गेल्या दहा आठवड्यांत आपण चार वेळा भेटू शकलो. बुधवारची सायंकाळ दर आठवड्याला राखून ठेवणे मला यापुढे शक्य होणार नाही, आणि हा निर्णय माझा आहे. 5 आणि 12 जून या दोन्ही बुधवारी आपली वेळ नेहमीप्रमाणे सहाला आहे. बुधवार, 19 जून हे या वेळेतील आपले शेवटचे सत्र असेल आणि तेही पूर्ण 50 मिनिटांचे असेल. आतापर्यंत झालेल्या कामाकडे मागे वळून पाहणे आणि यापुढे तुम्हाला काय हवे आहे ते ठरवणे, यासाठी तो वेळ वापरावा असे मला वाटते. पुढे माझ्याकडे यायचे असल्यास सध्या माझ्याकडे फक्त दुपारच्या वेळा मोकळ्या आहेत. त्या सोयीच्या नसतील, तर सायंकाळी भेटणाऱ्या दोन समुपदेशकांची नावे मी तुम्हाला देईन. या निर्णयाबद्दल तुम्हाला जे वाटेल ते, राग असला तरीही, सत्रात बोलण्यास जागा आहे. 19 तारखेला याल की नाही, हे कृपया 14 जूनपर्यंत कळवा. तुमच्याकडून उत्तर आले नाही, तरी ती वेळ मी तुमच्यासाठी मोकळी ठेवणार आहे.’

या पत्रातील कोणते शब्द विचारपूर्वक निवडले आहेत?

पहिली गोष्ट म्हणजे ‘हा निर्णय माझा आहे’ हे वाक्य. अनेक पत्रांत त्याऐवजी ‘आपण दोघांनी ठरवल्याप्रमाणे’ किंवा ‘तुमच्या सोयीचा विचार करून’ असे लिहिलेले आढळते. क्लायंटने काही ठरवलेले नसते, हे क्लायंटला ठाऊक असते, आणि ज्या एका ठिकाणी तिच्याशी खरे बोलले जात होते तेथेही शेवटी गुळमुळीत बोलले गेले, एवढेच तिच्या लक्षात राहते. निर्णय आपला असेल तर त्याचे ओझे आपण उचलावे.

दुसरी गोष्ट कारणाची. कारण आकड्यांत सांगितले आहे : दहा आठवड्यांत चार वेळा. त्यामागचा अर्थ पत्रात सांगितलेला नाही. ‘झटके थांबल्यावर तुम्ही वडिलांच्या विषयापासून लांब जात आहात, असे मला वाटते’ हे निरीक्षण कदाचित अचूक असेल, पण ते समोर बसून, तिचा चेहरा पाहत, चुकल्यास मागे घेण्याच्या तयारीनेच बोलावे. पत्रातला अर्थ मागे घेता येत नाही, आणि रात्री अकराला एकटीने वाचताना तो आरोपासारखा वाटतो. प्रतीक्षा यादीत दुसरे कोणी थांबले आहे, हेही मी लिहीत नाही. ते खरे असले तरी आपल्या जागी दुसऱ्याला बसवले, एवढाच त्याचा अर्थ लागतो.

तिसरी गोष्ट गोपनीयतेची आहे. पत्रात वडील, झोप, झटके यांचा उल्लेखही नाही. घरातल्या कोणाच्या नजरेस ईमेल पडला किंवा फोनच्या पडद्यावर संदेशाची पहिली ओळ उमटली, तरी त्यातून वेळेच्या बदलापलीकडे काही कळू नये. विषयाच्या ओळीत ‘बुधवारच्या वेळेबाबत’ एवढेच पुरे.

शेवटचे वाक्य मात्र लिहायचे असेल तर पाळावेच लागते. 19 तारखेला सहा वाजता समुपदेशकाने तेथे असले पाहिजे, क्लायंट येवो वा न येवो.

असे पत्र केव्हा पाठवू नये?

आत्महत्येचे विचार, स्वतःला इजा करणे, घरात होणारी मारहाण किंवा नुकताच झालेला एखादा मोठा आघात यांची खूण असेल तर आधी सुरक्षिततेचे काम करावे. अशा वेळी गैरहजेरी हीच धोक्याची खूण असू शकते. जी व्यक्ती वर्षभर नियमित येत होती आणि अचानक तीन आठवडे गप्प आहे, तिला वेळ काढून घेण्याचे पत्र पाठवण्याआधी फोन करून ‘तुम्ही कशा आहात?’ असे विचारायला हवे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेतील कलम 10.10 समारोपाविषयी आहे. थेरपी थांबवण्याआधी त्याविषयी क्लायंटशी बोलावे आणि योग्य असेल तेथे पर्यायी सेवा सुचवावी, अशी अपेक्षा त्यात आहे, मात्र क्लायंटच्या वागण्यामुळे तसे बोलणे शक्यच होत नसेल तर अपवादही मान्य केला आहे. पत्र लिहून मोकळे होणे आणि क्लायंटला वाऱ्यावर सोडणे यांत नेमका हाच फरक आहे : दुसरे दार खरोखर दाखवले गेले का? ज्यांची नावे सुचवायची त्यांच्याकडे जागा आहे की नाही, हे पत्र पाठवण्याआधी स्वतः विचारून घ्यावे. पर्यायी मदत पक्की होईपर्यंत धोक्यातल्या क्लायंटची वेळ काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘आता नियमित येईन, वेळ काढू नका’ असे क्लायंट म्हणाली तर?

हा प्रसंग जवळपास हमखास येतो, म्हणून पत्र पाठवण्याआधीच स्वतःला विचारावे की हा निर्णय बदलता येण्यासारखा आहे का. बदलता येण्यासारखा असेल तर पत्र पाठवूच नये. त्याऐवजी ‘पुढच्या सहा आठवड्यांत उपस्थिती कशी राहते ते पाहून जूनअखेर ठरवू’ असे आधीच्या टप्प्यावर सांगावे. एकदा अंतिम म्हणून पत्र गेल्यावर विनवणीमुळे निर्णय फिरवला, तर क्लायंटला दोन गोष्टी कळतात : येथील शब्द पक्का नसतो, आणि जवळीक टिकवायची असेल तर दुरावण्याची वेळ येऊ द्यावी लागते. दुसरी गोष्ट अनेक जण लहानपणापासून शिकून आलेले असतात. आपण ती पुन्हा शिकवू नये.

निर्णय तसाच ठेवूनही ऐकता मात्र येते. ‘ही वेळ गमावणे तुम्हाला इतके जड जाईल, हे आज पहिल्यांदाच आपल्या दोघांच्या लक्षात येत आहे, त्याविषयी बोलू’ असे म्हणता येते. उदाहरणातील क्लायंट 5 जूनला आल्या आणि निम्मा वेळ गप्प बसल्या. समुपदेशकाने ती शांतता भरून काढली नाही. पस्तिसाव्या मिनिटाला त्या म्हणाल्या, ‘मला वाटले होते, तुम्ही तरी थांबाल.’ पंधरा महिन्यांत वडिलांविषयी इतके थेट वाक्य त्या बोलल्या नव्हत्या.

शेवटचे सत्र नकोच, असे उत्तर आले तर?

12 जूनचे सत्र रद्द करताना याच क्लायंटने लिहिले, ‘19 ची गरज वाटत नाही. सगळ्यासाठी धन्यवाद.’ अशा वेळी आग्रह करू नये आणि लगेच मान्यही करू नये. एकदाच, थोडक्यात उत्तर द्यावे : ‘तुमचा निरोप मिळाला. यायचे की नाही, हा निर्णय तुमचाच आहे. तरीही 19 तारखेची वेळ मी मोकळी ठेवली आहे, कारण इतके दिवस केलेले काम संदेशावर संपवण्यापेक्षा भेटून संपवावे, असे मला वाटते. पूर्ण वेळ थांबणे जड वाटले तर अर्धा तास आलात तरी चालेल.’ त्यानंतर पुन्हा लिहू नये. न येणे हाही निरोप घेण्याचा एक प्रकार आहे, आणि प्रौढ माणसाला तो निवडण्याचा अधिकार आहे.

काहीच उत्तर आले नाही तर?

दिलेल्या मुदतीनंतर एक आठवणीचा संदेश पाठवावा, ठरलेल्या वेळी हजर राहावे, आणि त्यानंतर आठवड्याभरात तीन-चार वाक्यांचे शेवटचे पत्र पाठवावे. त्यात वेळ आता बंद झाल्याचे, पर्यायी नावे आणि पुन्हा संपर्क कसा करावा, एवढेच असावे. क्लायंटच्या नातेवाइकांना फोन करून चौकशी करू नये. आणीबाणीसाठी दिलेला क्रमांक हा जीविताच्या धोक्यासाठी असतो, वेळापत्रकासाठी नव्हे.

शेवटच्या सत्रात नेमके काय करावे?

आधी या सत्राच्या सीमा बोलून दाखवाव्यात : आज 50 मिनिटे आहेत, आणि या वेळेतले हे आपले शेवटचे सत्र आहे. मग तीन प्रश्नांत बहुतेक वेळ जातो. येथे आलात तेव्हा काय होते आणि आज काय आहे? येथे काय राहून गेले, माझ्याकडूनही? आणि पुन्हा त्रास सुरू झाला तर त्याची पहिली खूण कोणती असेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर क्लायंटच्या शब्दांत लिहून तिला द्यावे. उदाहरणातील क्लायंट अखेर 19 जूनला आल्या, आणि त्यांचे उत्तर होते, ‘सलग तीन रात्री पहाटे चारला जाग येणे.’ ‘झोपेकडे लक्ष द्या’ या सल्ल्यापेक्षा असे उत्तर कितीतरी उपयोगी पडते, कारण ते मोजता येते.

राहून गेलेल्या गोष्टींविषयी विचारल्यावर तक्रार येऊ शकते. ती ऐकून घ्यावी, स्वतःचे समर्थन करू नये. याच सत्रात या क्लायंट म्हणाल्या की एप्रिलमध्ये गैरहजेरीचा विषय निघाला, तेव्हा ‘असेच चालले तर वेळ जाईल’ हे समुपदेशकाने स्पष्ट सांगितले नव्हते. ते खरे होते, आणि तसे मान्य करणे एवढेच योग्य उत्तर होते.

मग चाळिसाव्या मिनिटाला त्यांनी सांगितले की वडील गेल्यापासून सख्ख्या भावाशी त्यांचे बोलणे बंद आहे. पंधरा महिन्यांत हा विषय एकदाही निघाला नव्हता. निघता निघता सर्वांत जड गोष्ट बाहेर येणे, हे शेवटच्या सत्रात वारंवार घडते, कारण आता ती उघडली तरी तिच्यात शिरावे लागणार नाही, ही सोय असते. येथे समुपदेशकाला वेळ वाढवण्याचा किंवा आणखी एक सत्र देण्याचा मोह होतो. तसे करू नये. विषय खोदूही नये, कारण दहा मिनिटांत उघडी पडलेली जखम बांधता येत नाही. ‘हे तुम्ही आज सांगितलेत, ते मी ऐकले. यासाठी दहा मिनिटे अपुरी आहेत, म्हणून ते कोठे न्यायचे, एवढेच आज ठरवू’ असे म्हणावे. क्लायंटने सायंकाळी भेटणाऱ्या समुपदेशकाचे नाव घेतले. माहिती पुढे पाठवण्यास लेखी संमती देताना भावाचा विषय त्यात असावा, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. नव्या माणसासमोर तो पहिल्यापासून उघडण्याचा त्रास त्यांना नको होता.

या नियमाला अपवाद एकच. त्या शेवटच्या मिनिटांत जीविताचा धोका सांगितला गेला, तर घड्याळ बाजूला ठेवावे आणि सुरक्षिततेची व्यवस्था होईपर्यंत थांबावे.

फीचे काय?

शेवटच्या सत्राची फी नेहमीइतकीच असावी. अपराधी वाटते म्हणून ते मोफत दिले, तर आपण काही चूक केली आहे असा अर्थ क्लायंट काढू शकते. थकबाकी असल्यास ती वेगळ्या पत्रात कळवावी. निरोपाच्या पत्रात पैशांचा हिशेब आला, की वाचणारी व्यक्ती तेवढाच भाग वाचते.

नंतर परत यायचे असेल तर?

येता येते, पण तीच वेळ मिळेल असे आश्वासन देऊ नये. ‘माझे दार तुमच्यासाठी कायम उघडे आहे’ हे वाक्य मायेचे असले तरी, तीन महिन्यांनी जागा नसताना ते खोटे ठरते. ‘तुम्ही लिहू शकता, आणि त्या वेळी माझ्याकडे जागा आहे की नाही ते मी आठवड्याभरात कळवेन’ असे म्हटले, तर ते पाळता येते.

नोंदीत काय ठेवावे?

निर्णय कधी आणि कसा सांगितला, पत्राची प्रत, क्लायंटची उत्तरे, धोक्याची तपासणी केली ती तारीख आणि सुचवलेली नावे, एवढे पुरते. क्लायंटला उद्या हे वाचायला मिळाले तर चालेल का, असे विचारून ते लिहावे.

मला स्वतःला असे पत्र आले आहे. मी काय करू?

लगेच उत्तर पाठवू नका. पत्र एकदा दिवसा, पुरेशी झोप झाल्यावर पुन्हा वाचा आणि त्यात ‘वेळ’ थांबवली आहे की ‘काम’, हे पाहा. स्पष्ट होत नसेल तर एका ओळीत विचारा. तो तुमचा हक्क आहे. शेवटच्या सत्राला जाण्याची इच्छा नसेल, तरी जाऊन ‘मला येथे यायचे नव्हते’ या वाक्याने सुरुवात करता येते. काय बोलायचे ते आठवणार नाही असे वाटत असेल, तर दोन-तीन ओळी कागदावर लिहून न्या आणि वाचून दाखवा. पत्रात पर्यायी नावे नसतील तर ती मागा. आणि त्या आठवड्यात जगणेच नको असे वाटू लागले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी समुपदेशकाला किंवा आणीबाणीच्या सेवेला कळवा. वेळ थांबवल्याचे पत्र आले असले, तरी शेवटच्या सत्राच्या तारखेपर्यंत तुम्ही त्यांच्या क्लायंट आहात.